धारेची वेळ

लुबना शेख नांदेडला पुस्तकांची पानं लावते. तिचे वडील अजीजभाई छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. ती संगणकावर जुळवते, एवढाच फरक. शाळेत माझ्या वर्गात असतानाही ती वहीच्या समासाची रेघ आखल्याशिवाय पहिला शब्द लिहायची नाही. आता मी तिच्याकडे मुद्रितं तपासायला जातो आणि ती मलाच सांगते, "सर, पेन्सिल हलक्या हाताने."

देवणीचे हणमंतराव बिरादार गाई सांभाळतात आणि कविता करतात. त्यांचा पहिला संग्रह, 'धारेची वेळ', तिच्याकडे आला होता. प्रकाशन देवणीतच, आणि पहिली कविता पत्नी कस्तुराबाई वाचणार, हा त्यांचा हट्ट. कस्तुराबाई पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकल्या. ओळीखाली बोट ठेवून त्या सावकाश वाचतात. चारचौघांत अडखळलं तर बाई परत कधी पुस्तक उघडणार नाही, याची हणमंतरावांना धास्ती होती.

लुबनाने कवितासंग्रहाचा नेहमीचा डेमी आकार धरला : साडेपाच इंच रुंद, साडेआठ उंच. बांधणी गोंदाची, म्हणून आतला समास पाऊण इंच, नाहीतर शब्द बांधणीच्या खाचेत जातात, बाहेरचा अर्धा. प्रत्येक कविता नव्या पानावर, पहिल्या पानाला वर काही नाही. कविता पुढच्या पानावर गेली तर तिथे माथ्यावर पुस्तकाचं नाव, पायाशी पृष्ठ क्रमांक. मला त्यात खोट दिसली नाही.

मुद्रित बघायला दोघं नवरा-बायको बसने नांदेडला आले. "वाचा मावशी, जिथे अडेल तिथे सांगा," लुबना म्हणाली.

कस्तुराबाईंनी पदर सावरला, बोट टेकवलं. "गाईच्या डोळ्यात पाहिलं तर आपलंच अंगण... दिसतं."

"मधीच का थांबलीस?" हणमंतराव.

"ओळ संपली की थांबायचं, असं शिकवलंय मला. इथं संपली."

ओळ मावली नव्हती. 'दिसतं' हा शब्द खाली, थोडा आत सरकून बसला होता. लुबनाने तिथे पेन्सिलीने खूण केली. बाई पुढे वाचत गेल्या.

"वासरू सोडलं तरी गाय उभीच राहिली." बोट पान ओलांडून उजवीकडे वर, माथ्यावरच्या पुस्तकाच्या नावावर गेलं. "धारेची वेळ." मग खाली आलं. "पान्हा फुटायला आवाज ओळखीचा लागतो."

"अगं, ती ओळ माझी न्हाई!"

"मंग कुणाची? नाव तर तुमचंच हाय पुस्तकावर."

लुबना खळखळून हसली, मीही हसलो. पण बाईंनी कागद बाजूला ठेवला. "लोकं असंच हसतील तिथं. मी न्हाई वाचत. शिल्पाला सांगा," मुलीचं नाव घेत त्या म्हणाल्या.

हणमंतरावांचा चेहरा उतरला. लुबनाचं हसू थांबलं. "मावशी, तुम्ही बरोबर वाचलं. मी चुकीच्या जागी ठेवलं." मग तिने साऱ्या संग्रहातली सगळ्यात लांब ओळ शोधली आणि पट्टी लावली. अक्षर बारीक केलं असतं तर डेमीतच मावलं असतं. पण बारीक अक्षर कस्तुराबाईंना कसं दिसणार? तिने लातूरच्या छापखान्यातल्या मलप्पांना फोन लावला.

"चाचा, रॉयल करायचंय. सव्वासहा बाय साडेनऊ."

"परवा तर डेमी म्हणलीस! दोन दिसांत पुस्तक वाढलं का काय?"

"कागद आहे ना?"

"हाय बाबा, हाय."

पानं नव्याने लागली. लांब ओळ एका ओळीत मावली. दोन पानांच्या कविता तिने डाव्या पानावर सुरू केल्या, म्हणजे मध्ये पान उलटायला नको; त्यासाठी दोन-तीन पानं कोरी सुटली, त्यांवर ना नाव, ना आकडा. पुस्तकाचं नाव माथ्यावरून काढून तळाशी नेलं : आधी पृष्ठ क्रमांक, मग बारीक अक्षरात नाव. आकडा आला की पान संपलं, हे बाईंना प्रौढांच्या वर्गातल्या पुस्तकावरून ठाऊक होतं. पुढच्या खेपेला नवी पानं वाचताना त्यांचं बोट आकड्यापाशी आलं आणि आपसूक पुढच्या पानावर चढलं. "आता जमतंय," त्या म्हणाल्या. लुबनाने कापणीच्या खुणा घातल्या, तिकडे अक्षरं बदलू नयेत म्हणून फॉन्ट आत बसवून फाइल लातूरला पाठवली.

देवणीच्या शाळेत मंडप होता. लुबना पहिल्या रांगेत बसली होती, बोटं गुंफून. कस्तुराबाई उभ्या राहिल्या. 'दिसतं' ओळीतच आलं. डावं पान संपलं. "वासरू सोडलं तरी गाय उभीच राहिली." बोट उजव्या पानाच्या माथ्यावर गेलं. तिथे नुसता पांढरा कागद होता.

बाई थांबल्या. हणमंतराव खुर्चीत पुढे सरकले.

बाईंनी पुस्तकातून डोळे उचलले, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "धारेची वेळ." मग बोट खाली आणून सावकाश पुढची ओळ वाचली.

टाळ्या थांबल्यावर हणमंतराव लुबनाकडे वाकले. "पोरी, दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ कवितेत घाल."

"कवितेत घालते काका," ती म्हणाली. "माथ्यावर नाही."