जांगडचे चोवीस हजार

त्या रात्री माझा ताळेबंद चोवीस हजारांनी जुळत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सीए फाउंडेशनचा अकाउंट्सचा पेपर, माझा तिसरा प्रयत्न. घरात स्पष्ट बोलणं झालं होतं: या वेळी नाही निघालं तर क्लास बंद, आणि मी आप्पांच्या मार्केटात बिलं करायला बसायचं. धाकट्या भावाची फी तोंडावर होती, आणि आप्पांचा पगार एकच.

सुरतेच्या उधन्यातली आमची खोली एकच. माय आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपले होते, बाजूच्या गाळ्यातले लूम, कापडाचे माग, रात्रभर खडखडत होते. प्रश्न होता जुन्या पेपरच्या झेरॉक्सवर आणि उत्तराचं पान नेमकं गायब. माझं नशीब असल्या बाबतीत कधी चुकत नाही. दोन वाजेपर्यंत मी तीनदा बेरजा केल्या. रडायलाही आलं, पण कागद ओला होईल म्हणून आवरलं.

अडचण एकाच अ‍ॅडजस्टमेंटची होती. चोवीस हजारांचा माल ग्राहकाला पसंतीसाठी पाठवला, पुस्तकात विक्री म्हणून लिहिला, वर्ष संपेपर्यंत ग्राहकाचं उत्तर नाही. मूळ किमतीवर वीस टक्के नफा. म्हणजे मालाची किंमत वीस हजार, एवढं मला येत होतं. विक्रीतून चोवीस वजा केले, शिल्लक मालात वीस मिळवले. तरी एक बाजू चोवीस हजारांनी कमी.

आप्पा पाणी प्यायला उठले. मार्केटात साड्यांच्या दुकानात ते बावीस वर्षं जांगड पोहोचवत होते. जांगड म्हणजे हाच, पसंतीसाठी पाठवलेला माल. चिठ्ठीवर द्यायचा, आवडला तर बिल, नाही तर परत. प्रश्न वाचून दाखवताच ते सतरंजीवर नीट मांडी घालून बसले. माझ्या पुस्तकातलं काही त्यांना कळण्याची ही पहिलीच वेळ होती.

"माल आपलाच शे, बेटा," ते म्हणाले. "पार्टीनी पसंद कया नही तवलोंग तो इकायनाच नही. मंग इक्रीमा हात कसाले लावस?"

पसंती येईपर्यंत माल विकलाच गेला नाही, मग विक्रीला हात लावायचा कशाला; आणि पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, नाव उधारीत चढतच नाही, जांगडच्या वेगळ्या वहीत राहतं, हेही त्यांनी समजावलं. मी विक्रीतली वजाबाकी खोडली, फक्त माल वाढवला. दोन्ही बाजू रुपयान् रुपया जुळल्या. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि झोपायला गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं, आपण पास होणार.

दुपारी पेपरात तोच प्रकार आला, आकडे तेवढे वेगळे. मी आप्पांच्या पद्धतीने केलं, ताळेबंद जुळला, आणि त्याच तोऱ्यात पुढचे प्रश्न उरकले.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर क्लासमधली मुलगी सहज म्हणाली, जांगडची रक्कम उधारीतूनही वजा करायची होती ना, मग बुडीताची तरतूद उरलेल्या उधारीवर. मी तिथेच प्रश्नपत्रिका पुन्हा उघडली. आप्पांच्या दुकानात जांगड कधी विक्रीत लिहिलीच जात नाही. प्रश्नातल्या दुकानाने ती लिहिलेली होती. ते वाक्य मी स्वतः वाचून दाखवलं होतं. विक्री आणि उधारी, दोन्ही तशीच फुगलेली राहिली, म्हणून तर बाजू जुळल्या. आणि रात्री दोन वाजता मी बरोबर उत्तरापासून एक पायरी लांब होते; उधारीतून तेवढे चोवीस हजार काढले असते की झालं होतं.

अकाउंट्समध्ये चाळीस लागतात. मला सदतीस पडले. त्या एकाच प्रश्नाने बुडवलं असं मी म्हणणार नाही, त्या पेपरातलं माझं बाकीचंही काही दिवे लावणारं नव्हतं. पण तीन मार्क तिथे नक्की होते. बाकीचे पेपर चांगले गेले असूनही काही उपयोग नव्हता.

निकालाच्या संध्याकाळी आप्पांनी हळूच विचारलं, "जांगडना सवाल तरी बराबर व्हता ना?"

"हो आप्पा," मी म्हणाले. "तोच एक बरोबर होता."

आता मी त्याच मार्केटात बिलं करते. नवा पोरगा कधी जांगड चुकून विक्रीत चढवतो, तेव्हा मी ती दोन्हीकडे खोडते, आधी विक्रीत, मग पार्टीच्या उधारीत. आप्पा गठ्ठे उचलता उचलता थांबतात आणि त्याला सांगतात की जांगडचा हिशोब पोरीला मी शिकवला, परीक्षेतही तोच आला होता. मी खाली मान घालून पुढचं बिल करायला घेते.