लागोपाठ सात छापे

पौडजवळच्या एका कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. रोज बावधनहून गाडी हाकत जाते, आणि वर्गात शिरेपर्यंत डोकं तापलेलं असतं. मुलं मला घाबरतात. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू!

पहिल्या वर्षाला मी एक प्रयोग देते. घरी नाणं दोनशे छप्पन्न वेळा उडवायचं आणि दर वेळी छापा की काटा ते वहीतल्या तक्त्यात लिहायचं. एका वर्षी कोळवणहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीचा तक्ता पाहिला आणि मी भडकलेच. मधेच लागोपाठ सात छापे!

“मनाला येईल ते लिहिलंस ना? नाणं असं वागतं होय?”

“न्हाई मॅडम, खरंच टाकलंय. आई शेजारी बसून मोजत व्हती.”

“मग परीक्षेलाही आईलाच बसव.”

वर्ग फिदीफिदी हसला. मी तिच्या वहीवर सही केली नाही. सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येत नाही, वर्ष वाया. तिला ते ठाऊक होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधीच ती खडू घेऊन फळ्यापाशी उभी होती.

“मॅडम, दोनशे छप्पन्नात काटे निम्मे, म्हंजे एकशे अठ्ठावीस धरा. छाप्यांची रांग काट्यानंतरच सुरू व्हती. त्यातल्या निम्म्या काट्यांनंतर छापा येनार, म्हंजे चौसष्ट. त्याच्या निम्म्यांत लागोपाठ दोन, बत्तीस. तीन छापे सोळा ठिकाणी, चार आठ ठिकाणी, पाच चार ठिकाणी, सहा दोन ठिकाणी. आन् सात?” तिनं एक आकडा लिहिला. “एका ठिकाणी. अंदाज हाय, एखादा इकडं तिकडं. पन माझे सात जास्त न्हाईत.”

अगं बाई! मी बघतच राहिले. पुस्तकात हे कुठे नव्हतं, मी शिकवलेलं नव्हतं. निम्म्याचं निम्मं करत पोरीनं नाण्याचा स्वभावच फळ्यावर मांडला होता.

मग मी बाकीच्या वह्या मागवल्या, आदल्या दिवशी कौतुकानं सह्या केलेल्या. एकाही तक्त्यात चाराच्या पुढे रांग नव्हती. एखाद्याचं असं होईल, पण सगळ्यांचंच? चांगली चाळीस डोकी खाली गेली.

तिनं मात्र कुणाकडे बोट दाखवलं नाही. मलाच विचारलं, अगदी साधेपणानं, “मॅडम, तुमी कॉलेजात असताना टाकलं व्हतं का नाणं?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“नाही गं,” मी म्हटलं. “हॉस्टेलच्या कॉटवर बसून पेनानं भरला तक्ता. तिनाच्या वर रांग जाऊ दिली नव्हती, खरी वाटावी म्हणून.”

मग तिची वही ओढून घेतली आणि सगळ्यांसमोर सही केली. चाळीस सह्या खोडल्या. माफी मागायला मात्र मला तास संपेपर्यंत धीर झाला नाही.