तीन घातल्यावर

हजेरीपटावर त्यांचं नाव गुंडा कोंडीबा खरात. मुलं म्हणायची जी. के. सर. तासगावच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी मी लागले. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. जाताना त्यांनी आपल्या हस्ताक्षरातली नोट्सची फाईल माझ्या हातात दिली. "राजेश्वरी, ही जप. ह्यात एक चूक सापडायची न्हाई," असं म्हणाले होते.

सर मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने बाहेर, घरात शाळेचं तोंड पाहिलेले हे पहिलेच. कॉलेजची पोरं अकरावीला इंग्रजी पुस्तक बघून भेदरायची, तेव्हा सर मराठीत सांगायचे. इंडक्शन, म्हणजे एखादं विधान सगळ्या संख्यांना खरं ठरवायची रीत, शिकवताना त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं: "पयल्या संख्येला खरं हाय का बघा. मग एकीला खरं आसंल तर तिच्या पुढचीला खरं ठरतंय, हे दाखवा. दोन्ही झालं की समदी ओळ तुमच्या ताब्यात. ह्यातलं एक जरी ऱ्हायलं तर काय बी हातात न्हाई."

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. फाईलमधलं सातवं उदाहरण मी फळ्याऐवजी प्रोजेक्टरवर दाखवायचं ठरवलं. दोनाचा n वा घात हा n च्या वर्गाएवढा किंवा त्याहून मोठा असतो, प्रत्येक नैसर्गिक संख्येसाठी, हे सिद्ध करायचं. मुलांना आधी आकडे दिसावेत म्हणून मी तक्ता करायला घेतला. एकाला दोन आणि एक. दोनाला चार आणि चार. तीनाला आठ आणि नऊ.

मला वाटलं, टायपिंग चुकलं. पुन्हा केलं. दोनाचा घन आठच, तीनाचा वर्ग नऊच. आठ नवाहून लहान. म्हणजे सिद्ध करायचं विधानच खोटं होतं, आणि त्याखाली सरांच्या सुरेख अक्षरात पूर्ण पान भरून सिद्धता होती.

चूक शोधायला मला वेळ लागला नाही. एकापासून सुरुवात बरोबर. पुढची पायरी अशी: k ला खरं मानलं, तर दोनाचा k अधिक एक वा घात k च्या वर्गाच्या दुपटीएवढा तरी असतो. ही दुप्पट, k अधिक एकच्या वर्गाहून कमी नाही, एवढंच दाखवायचं उरतं. वजाबाकी केली की k वर्ग वजा दोन k वजा एक. त्यापुढं सरांनी लिहिलं होतं, 'हे धन आहे, हे उघड आहे.' k दोन असेल तर उत्तर येतं उणे एक.

मी ही फाईल अकरावीत असताना वहीत उतरवून घेतली होती, आणि लागल्यापासून सहा वर्षं शिकवलीही होती.

रविवारी सरांकडे गेले. सावळज रस्त्याला द्राक्षबागांच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा ऋषिराज बेंगळुरूला. मला बघून सर इतके हरखले की मला बोलूच देईनात. चहा केला, साखर विसरले, पुन्हा केला. कुठल्या बॅचचा कोण कुठं आहे, बेदाण्याच्या शेडवर यंदा किती माणसं लागली, ऋषिराजचा फोन कधी येतो, सगळं सांगत राहिले. पाऊण तास गेला. त्या घरात आठवडाभर कुणी आलं नसणार, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मी कागद पुढं केला. "सर, सातवं उदाहरण. तीन घालून बघा."

त्यांनी चष्मा लावला. ओठांतल्या ओठांत आकडे म्हटले. कागद उलटा करून पुन्हा स्वतःच्या हातानं मांडलं.

"कुणी घातलं तीन?"

"मीच. तक्ता करताना."

"किती वर्सं शिकिवलं मी हे?"

ते माझ्याकडं वळले.

"तू वर्गात व्हतीस की. तवा का न्हाई विचारलंस?"

"तुम्ही 'उघड आहे' म्हणालात सर. मला वाटलं, मलाच दिसत नाही."

हे मी बोलायला नको होतं. सर खिडकीकडे बघत राहिले. बाहेरून ट्रॅक्टर गेला. मग हळूच म्हणाले, "एकतीस बॅचा. कुणीच घातला न्हाई गं तीन. आमी सांगत व्हतो आन् समदी लिवून घेत व्हती. म्हंजी मी एकटाच बोलत व्हतो."

मग त्यांनी पेन उचललं. दोनापाशी पायरी निखळते, हे त्यांनी लिहिलं. तीनापासून पुढं k वर्ग वजा दोन k वजा एक नेहमी धनच. "बघ, तीनापासनं पायरी पक्की हाय. पर तीन स्वतःच खोटा, तवा त्याच्यावर उभं ऱ्हाता येत न्हाई. एकाला पाया हाय, तर पायरी न्हाई. तीनाला पायरी हाय, तर पाया न्हाई." चाराला सोळा आणि सोळा. तिथं पाया खरा, आणि तिथून पुढं पायरीही. "चारापासनं पुढं समद्यांना खरं. एक आन् दोन येगळे तपासून घ्यायचे. तीन सोडायचा." कागदाखाली त्यांनी सही करून तारीख घातली.

नंतरच्या दिवसांत त्यांनी ही चूक सांगायला जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, हे त्यांनीच मला सांगितलं. पहिला, शंभूराज, पुण्यात मोठा इंजिनिअर. तो हसला. "सर, कुठलं इंडक्शन? तब्येत कशी हाय तुमची?" दुसऱ्याला आपण काय शिकलो तेच आठवेना. तिसरी, संयोगिता, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते म्हणाली. चौथा फोन त्यांनी केला नाही.

एके दिवशी सकाळी ते कॉलेजात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तो कागद. "दहा मिंटं दे. वर्गात सांगतो."

अकरावी सायन्सला पटावर ऐंशी मुलं. त्यातली बरीचशी सांगलीच्या क्लासला जातात, कॉलेजात नावापुरती. त्या दिवशी नऊ होती. सरांनी फळ्यावर आधी चुकीची सिद्धता पूर्ण लिहिली, अक्षर तसंच सुरेख. मग वळून म्हणाले, "हे मी लिवलंय. हे चुकीचं हाय. कुठं, ते सांगा."

बराच वेळ कुणी हललं नाही. एक मुलगा बाकाखाली मोबाईल बघत होता. सर थांबले. मी सांगायला तोंड उघडणार, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. अखेर रेश्मा नावाची मुलगी, आष्ट्याची, मामाकडं राहून शिकणारी, उठली. "सर, उघड कसं काय? दोन घातल्यावर तर उणे येतंय."

सरांनी मान हलवली. "बरोबर," म्हणाले. "तुझं नाव काय बाळ?" तिनं नाव सांगितलं. त्यांनी 'उघड आहे' हे शब्द डस्टरनं पुसले आणि खाली चारापासूनची सिद्धता लिहिली. नऊपैकी पाच-सहा जणांनी ती उतरवून घेतली. तास संपल्याची घंटा झाली तशी मुलं निघून गेली. रेश्माही गेली, तिला प्रॅक्टिकल होतं.

मी स्कूटीवर सोडते म्हटलं. सर नको म्हणाले, एस.टी.नं जाईन. हाताला लागलेला खडू त्यांनी रुमालाला पुसला आणि जिना उतरले. दुपारी बँकेच्या कामाला मी स्टँडवरून गेले, तर ते अजून बाकावर बसलेले. त्यांच्या घराकडची, सावळजची गाडी फलाटाला लागलेली होती. ती सुटली, तरी ते उठले नाहीत. पुढच्या तासाला उशीर होत होता, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबले नाही.