वेताच्या खुर्चीची एक काडी

आमच्या कॅटलॉगच्या खोलीत तिला सगळे कातरताई म्हणतात. कातर ती कधी हातात धरत नाही, सगळं माउसनं कापते. फोटोतल्या वस्तूच्या कडेनं बारीक रेघ ओढायची, मागचा पसारा झाकायचा आणि वस्तू कोऱ्या पांढऱ्या पानावर ठेवायची, हे तिचं काम. मी शेजारी बसून पानं लावतो आणि तिच्या हट्टाला रोज नावं ठेवतो.

त्या दिवशीची खुर्ची तिच्या धाकट्या भावानं विणलेली होती. वेताची, पाठीला जाळी. गिऱ्हाईक आटलं म्हणून तो विणकाम सोडून गोदामावर पहारेकरी व्हायला निघाला होता. ताईनं साहेबांचं डोकं खाऊन कॅटलॉगात एक पान मिळवलं आणि भावाला बजावलं, "पान येऊ दे, मग काय ते ठरव."

फोटोवाल्यानं मात्र घोळ घातला. मागचा पांढरा पडदा आखूड पडला आणि जाळीमागं तपकिरी दार आलं. वेतही तपकिरीच. फोटोवाला तर दुसऱ्या कामाला निघून गेला, आणि पान संध्याकाळी छपाईला जायचं होतं.

"आपोआप कापणारं बटण दाब आणि मोकळी हो," मी म्हणालो.

तिनं दाबून दाखवलं. अर्धी जाळी दारासोबत गेली आणि उरलेल्या भोकांतून दार डोकावत राहिलं.

"खुर्ची वगळा, प्लास्टिकचं स्टूल टाका," साहेब म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत थांबा," ताई म्हणाली आणि कंबर कसून बसली. एकेक भोक संगणकाच्या पडद्यावर मोठं करायचं, त्याची वेगळी रेघ ओढायची, तीही वेताच्या किंचित आतून, म्हणजे दाराची किनार उरत नाही. पायांखालची सावली तिनं ठेवली, नाहीतर खुर्ची हवेत तरंगते. डबा तसाच राहिला. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं.

साहेबांनी पाहिलं. "स्वच्छ. पाठवा."

तेवढ्यात भाऊ खुर्ची परत न्यायला आला. संगणकाशी वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ताई, इथली आडवी काडी कुठंय? ती नसेल तर पाठ सुटेल."

कोपऱ्यातल्या खऱ्या खुर्चीत ती काडी होती. ताईनं ती दार समजून झाकली होती.

"कोणाला दिसतंय एवढं?" साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"विणणाऱ्याला दिसलं," ताई म्हणाली. "पान थांबवा."

नशीब, तिनं काही पुसलं नव्हतं, फक्त झाकलं होतं. तेवढाच भाग तिनं बारीक ब्रशनं उघडा केला आणि काडी जागेवर आली. पान गेलं, तशी ताई उठली.

भावानं खुर्ची उचलली नाही. नमुन्याची म्हणून दिवसभर आम्ही कोणी तिच्यावर टेकलो नव्हतो. त्यानं ती ओढून ताईच्या मागं ठेवली.

"हिच्यावर बस जरा. पाठ धरली असेल. गोदामवाल्यांना मी नाही म्हणून कळवतो."