दारात नाकारायचं पार्सल

वडिलांसाठी एअर बेड मागवला तेव्हा पडून राहून त्यांच्या पाठीवर जखमा होऊन आठ दिवस झाले होते. ते आठ दिवस मी ॲपवर किमती ताडून पाहत होतो. पैसे आईच्या मोडलेल्या ठेवीतले. आगाऊ भरले तर थोडी सूट होती, म्हणून आगाऊ भरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडील गेले. संध्याकाळी ॲप उघडलं, तर बेड रवाना झालेला आणि ऑर्डर रद्द करायचं बटण गायब.

कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, "सर, आता दारात नाकारा. ते विक्रेत्याकडे परत पोचलं की पैसे ज्या खात्यातून आले तिथेच जातील."

"आणि कोणी घेतलं तर?"

"मग डिलिव्हर्ड. या वस्तूला रिटर्न नाही सर, हायजीनमध्ये येते."

मी आईला सांगितलं, भावाला सांगितलं, वॉचमनला सांगितलं. भाऊ म्हणाला, "आठ दिवस आधी मागवला असतास तर परत करायची वेळ नसती आली."

पार्सल येणं लांबत गेलं. दहाव्याला आम्ही दोघं भाऊ विधीला गेलो. आई घरात झोपली होती. गेटवर नेमका बदली वॉचमन होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

शेजारच्या काकूंनाही मी सांगितलं नव्हतं. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बंद दारासमोरचं पार्सल शेजारी घेतात, ही पद्धत मीच वर्षानुवर्षं वापरलेली. तरी सुचलं नाही. पहिल्या दिवसापासून आमच्याकडे चूल पेटत नव्हती. दोन्ही वेळचं जेवण काकूंकडून येत होतं.

संध्याकाळी परतलो तेव्हा त्या पॅसेजमध्येच उभ्या होत्या.

"तो बेल वाजवणार, एवढ्यात मी बाहेर आले. म्हटलं, बेल नको मारूस रे, सुतकाचं घर आहे, दे इकडे. बाई आत्ता कुठे झोपल्यात. बरं झालं ना? नाहीतर परत गेलं असतं."

खोका त्यांच्या चपलांच्या स्टँडला टेकवून ठेवला होता. फोनवर 'डिलिव्हर्ड' आणि खाली काकूंचं आडनाव.

मी तिथूनच कस्टमर केअरला फोन लावला. सील तुटलेलं नाही, माणूस गेला आहे, हे दोनदा सांगितलं. पलीकडच्या माणसाने दोन्ही वेळा खेद व्यक्त केला. नकार दारात नोंदला जायला हवा होता, म्हणाला. आता सिस्टीममध्ये पर्याय नाही.

काकू समोरच होत्या. "काय रे, काही चुकलं का?"

"नाही काकू. बरं झालं घेतलंत."

भावाने खोका उचलला. दार उघडून आईने विचारलं, "हे कशाला घेतलंत?"

"काकूंनी घेतलं," भाऊ म्हणाला.

आईने काकूंकडे पाहिलं. काकूंच्या हातात आमचा रात्रीचा डबा होता. आईने तो घेतला आणि बाजूला होऊन खोक्याला वाट दिली.