वांगी रंगाचा स्टोल

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. ऑनलाइन विकायच्या वस्तूंचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो काढणं हा माझा धंदा. कुकर, चपला, खेळणी, काहीही येतं. काकू आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत रेशमी स्टोल होते.

काकू मुलुंडच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. घरच्या बाल्कनीत त्या स्टोल रंगवायच्या. त्यातला एक वांगी रंगाचा होता. आमच्या आजीच्या लुगड्यानंतर तसा रंग मी पाहिला नव्हता. जांभळा म्हणावा तर आतून लाल, लाल म्हणावा तर सावलीत काळपट.

"हा मला चार वर्षांनी जमलाय," काकू म्हणाल्या. "नीट काढ हं."

मी पांढऱ्या कागदाचा रोल भिंतीवरून टेबलावर गोलाई देत सोडला, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. स्टोल कागदाच्या मागच्या भागापासून बराच पुढे ठेवला. मागचा उजेड जास्त झाला की तो वस्तूच्या कडा खातो, आणि या स्टोलला केसांसारख्या बारीक दशा होत्या. दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे केले, तेव्हा दशा सुट्या दिसू लागल्या. वरून मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारा कापडी पेटीतला दिवा लावला, समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला. स्टोलखाली हलकी सावली राहिली, वस्तू हवेत तरंगू नये इतकीच.

सगळं जमलं, पण रंग निळा आला.

रंगांच्या चौकटींचं कार्ड ठेवून फोटो घेतला, त्यावरून रंग जुळवले. राखाडी बरोबर, तांबडा बरोबर, वांगी मात्र निळाच. काही रंगद्रव्यं अशीच असतात. आपल्या डोळ्याला दिसणारा लालसरपणा कॅमेऱ्याला तसा दिसत नाही. मग स्टोल मॉनिटरशेजारी दिव्याखाली ठेवून मी फक्त तेवढाच रंग हाताने सुधारत बसले. संध्याकाळपर्यंत दोन्ही एक दिसले. काकूंनी चष्मा काढला, घातला, म्हणाल्या, "हाच."

त्या रंगाचे आणखी स्टोल रंगवून, तो फोटो लावून काकूंनी ते एका ऑनलाइन कंपनीच्या साइटवर विकायला ठेवले. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"अगं, वांगी स्टोल परत येतायत. 'फोटोत वेगळा रंग' म्हणतात."

"निळा वाटला का?"

"एकीला निळा वाटला, एकीला गुलाबी. आता काय करू सांग."

मी माझ्या मोबाईलवर तो फोटो उघडला. भडक जांभळा. समोरच्या गाळ्यातल्या माणसाच्या मोबाईलवर तोच फोटो मळकट दिसत होता. माझ्या मॉनिटरवर अजूनही बरोबर होता, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता. गिऱ्हाइकाच्या हातात माझा मॉनिटर थोडाच असतो!

मी पुन्हा काढला. रंगाचा भडकपणा थोडा कमी केला. मग खिडकीच्या उजेडातला आणखी एक फोटो जोडला. तरी स्टोल परत येतच राहिले. मग त्या कंपनीने स्टोलचं पान शोधात दिसेनासं केलं. काकूंनी लिहून विचारलं, तर तयार उत्तर आलं: रंग अचूक असलेले फोटो द्या. काकू ते घेऊन माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी मिळून लिहिलं की फोटो अचूकच आहे, हवं तर स्टोल पाठवतो. तेच उत्तर पुन्हा आलं, शब्द न शब्द तोच.

"इथे कुणी माणूस नाही का बोलायला?" काकूंनी विचारलं.

"नाही हो काकू."

"मग सांगायचं कुणाला?"

मी चहा मागवला. त्यांनी तो अर्धाच घेतला. परत आलेल्या एका स्टोलला कुणाच्या तरी अत्तराचा वास लागला होता, तो त्या सारखा हुंगत होत्या.

"पैसे नका देऊ या वेळचे," मी म्हटलं.

"तू काय चुकलीस त्यात?" त्या जरा चिडूनच म्हणाल्या, आणि पैसे टेबलावर ठेवून गेल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी काळा, राखाडी आणि सायीच्या रंगाचा असे स्टोल आणले. तासाभरात काम उरकलं. कडा स्वच्छ, सावल्या मऊ, कुठल्याही पडद्यावर साधारण एकसारखे दिसतील असे रंग.

"झकास आलेत," काकू म्हणाल्या.

"वांगी?"

"नाही करत आता. तू सांग ना, करून ठेवू कुठे?"

लिफ्ट बंद होती. मी पिशवी घेऊन त्यांच्यासोबत खाली उतरले. जिन्यात त्या गुडघेदुखीबद्दल बोलत होत्या. मी हो हो म्हणत राहिले.