तारखेखालचं तोंड

'फोटोवरची तारीख काढून मिळेल' असं आमच्या चौसाळ्याच्या दुकानाच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलंय. ते मीच लिहून घेतलंय. आमचे हे लग्नकार्याचे फोटो काढत गावोगाव हिंडतात आणि मी दुकानात बसून कॉम्प्युटरवर त्यांचं निस्तरते. कुणाचे मिटलेले डोळे उघड, कुणाच्या टकलावरची चमक घालव. त्यात तारीख काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

या तारखांनी लोकांना लई छळलंय. मोबाईल यायच्या आधी घरात एखादा डिजिटल कॅमेरा असायचा, दुबईहून कुणी आणलेला नाहीतर मामानं घेऊन दिलेला. त्यात तारीख छापायचं बटण एकदा चालू झालं की ते बंद कसं करायचं हे कुणाच्या बापाला माहीत नसायचं. मग प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे. एरवी कोण बघतंय! पण माणूस गेलं की फोटो मोठा करतात, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख घालतात, हार चढवतात. आणि वर ही तिसरीच तारीख! दहाव्याला आलेला पाहुणा विचारणारच, "म्हातारा नेमका गेला कधी म्हणायचा?" म्हणून लोक माझ्याकडे येतात.

त्या दिवशी एक नवरा-बायको आले. ऊसतोडीवरून परत आलेले, दोघंही उन्हानं करपलेले. बाई माझ्याच वयाची असेल. तिनं पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात असा ठेवला की मी हात जरा सावरूनच धरला.

"ताई, आकडं तेवढं काढून द्या," ती म्हणाली. "खाली माझं लेकरू हाय."

मला नीट कळलंच नाही. मी आपली माझ्या तोऱ्यात. "तेवढंच ना? बसा. चहा सांगते, चहा होईस्तोवर काम होतंय."

फोटो उघडला. लग्नाच्या मांडवात जाजमावर बसलेल्या बायका. अगदी उजवीकडच्या टोकाला ही स्वतः, तरणीताठी, नवरीकडे बघत असलेली. मांडीवर तान्हं बाळ. बाळाचं अंगडं दिसत होतं, मूठ दिसत होती, कपाळावरची काजळाची तीटही दिसत होती. त्या तिटेखाली, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत, नारिंगी आकडे.

अगं आई गं!

बाईनं सांगितलं ते असं. चुलत दिराचं लग्न होतं. पोराचा फोटो म्हणून कधी काढलाच नव्हता, नारायणगडाच्या जत्रेत काढू म्हणाले होते. पुढच्याच हंगामात कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत, ते तापानं गेलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात दिरानं जुनं घर पाडलं, तेव्हा लग्नाच्या फोटोंची सीडी सापडली. पुतण्यानं ती लावून बघितली आणि ओरडत आला, काकू, तुझं बाळ हाय ह्यात!

"मला त्याचं तोंड आठवंना गेलंय, ताई," ती म्हणाली. "सपनात येतंय. पाय दिसत्यात, हात दिसत्यात. तोंड न्हाई दिसत. म्हनलं, आकडं काढलं की दिसंल."

नवरा मागे स्टुलावर बसला होता.

मी फोटो मोठा केला. आकड्यांच्या फटींतून कातडीचे चार ठिपके तेवढे दिसत होते, आणि तेही कडेनं नारिंगी झालेले. आता यांना कसं सांगावं? तारीख काढतात म्हणजे काय करतात हे इतकी वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं. शेजारची भिंत उचलायची आणि आकड्यावर लावायची. शेजारची माती उचलायची, आकड्यावर लावायची. साडी असली तर साडी. फाटक्या धोतराला ठिगळ लावावं तसं. बघणाऱ्याला वाटतं तारीख निघाली. निघत काही नाही, वरून झाकलं जातं.

पण तोंडावर कशाचं ठिगळ लावू? एक डोळा उघडा असता तर तो उलटा करून दुसऱ्या बाजूला बसवला असता. इथं दोन्ही डोळे आकड्यांखाली, नाक खाली, तोंडही खाली.

"हळूहळू खरडून बघा की," बाई म्हणाली. "भार देऊन खरडू नका. खाली नाजूक हाय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटत होतं, आकडे टिकलीसारखे वरून चिकटवलेत.

तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होतं, पण माझ्यानं नाही म्हणवेना. आमच्या ह्यांनी नुकतंच कॉम्प्युटरवर ते नवीन एआयचं घेतलं होतं. जेवढी जागा आखून द्याल तेवढी ते स्वतःच्या मनानं भरून देतं. मांडवाच्या कनाती, आभाळ, मोडक्या खुर्च्या मी त्यानं भरल्या होत्या. मी आकड्यांभोवती रेघ आखली आणि बटण दाबलं.

चहाचा पेला हातातच राहिला. आकडे गेले आणि तिथं बाळ आलं. गोबरे गाल, काळेभोर डोळे, खुदकन हसणारं, खाली दोन दात. तीट जिथल्या तिथं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नवरा स्टुलावरून ताडकन उठला. "आरं बाप रे!" एवढंच बोलला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मलाही रडू फुटलं. मला तर वाटलं, देवच पावला.

बाई रडली नाही. ती स्क्रीनच्या जवळ आली, वाकली, आणि एक पाऊल मागे सरकली.

"ह्यो कोन?"

"अगं, आपला," नवरा म्हणाला.

"त्याला दात कुठं हुते?"

माझं रडणं जागच्या जागी थिजलं. मी घाईघाईनं म्हणाले, "थांबा ताई, दात काढू आपण," आणि पुन्हा बटण दाबलं. दात गेले, पण त्यांच्याबरोबर अख्खं बाळच गेलं आणि दुसरंच आलं. निमुळत्या तोंडाचं, गोरंपान. पुन्हा दाबलं. तिसरं आलं, चपट्या नाकाचं. चौथं पेंगुळलेलं. तीच मांडी, तीच मूठ, तीच तीट, आणि दर खेपेला वेगळंच पोर! दुकानात कुणी भानामती केल्यासारखं झालं. मी माऊसवरचा हात काढून मांडीखाली दाबून धरला.

"ह्यातला खरा कोनता?" तिनं विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"मंग खालचा कुठं गेला?"

मग मला सांगावंच लागलं. खाली कुणी नाही, ताई. फोटो काढला तेव्हा कॅमेऱ्यानं बाळाला बघितलं होतं, पण फोटो साठवतानाच त्यानं तेवढ्या जागेवर आकडे लिहिले. जिथं आकडे आहेत तिथं बाळ कधी साठवलंच गेलं नाही. जगात कुणालाही ते आता काढता यायचं नाही.

ती म्हणाली, "आन कावून लिहित्यात ते?"

"तारीख कळावी म्हणून."

तिला वाचता येत नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं, "तारीख बी खोटीच हाय, ताई. लगीन ऐन उन्हाळ्यात हुतं. आकड्यात एक जानेवारी हाय." बरोबर होतं. सेल काढला की त्या कॅमेऱ्यांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं आणि तारीख कुणी लावत बसायचं नाही. असले फोटो मी ढिगानं बघितलेत आणि खुशाल हसलेय. त्या दिवशी तो कॅमेरा हाताला लागता तर मी जात्यात घालून भरडला असता. मेल्यानं एका खोट्या तारखेसाठी पोराचं तोंड पुसलं!

स्क्रीनवर ते पेंगुळलेलं बाळ तसंच होतं. नवरा हळूच म्हणाला, "पयला चांगला हुता. तोच काढू. भितीला लावू. लोकं काय इचारनार हायत? आपल्याला बी जरा बरं वाटंल."

मी मागे जाऊन पहिलं बाळ परत आणलं. पुन्हा ते दोन दात, पुन्हा ते हसू. खरं सांगते, इतकं गोड होतं की मलाही वाटलं, घेऊन जावं यांनी. काय बिघडतंय?

बाईनं दोन्ही हातांनी डोळे गच्च झाकून घेतले.

"झाका त्याला, ताई! बिगी बिगी झाका! मला त्याचं तोंड आठवत न्हाई, पन ह्यो न्हाई एवढं कळतंय अजून. रोज बघितला तर ह्योच डोळ्यात बसंल. मंग माझा आला तर त्यानं बसावं कुठं?"

मी चाट पडले. इतकी वर्षं लोकांचे डोळे उघडले, सुरकुत्या घालवल्या, गेलेल्या म्हाताऱ्यांना नवे कोट चढवले. असं मला कधी कुणी बोललं नव्हतं. मी एकेक करून चारही पोरं काढून टाकली. काढताना प्रत्येकाकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. उगाचच, कारण ती कुणाचीच नव्हती.

"गेला का?" ती हातांआडून विचारत होती. "समदे गेले का?"

"गेले सगळे. उघडा डोळे."

तिनं डोळे उघडले. स्क्रीनवर पुन्हा मूळचा फोटो होता, नारिंगी आकड्यांसकट. तिनं त्या मुठीवर बोट ठेवलं.

"ह्योच द्या," ती म्हणाली. "आकड्यासंगट."

मी मुठीपासून तिटेपर्यंत तेवढाच भाग मोठा करून छापून दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि फुंकर घालत, वाळवत बाहेर गेली. मी पेन ड्राइव्ह काढून नवऱ्याच्या हातात दिला. तो जागचा हलेना. दाराकडे बघत त्यानं खिशातला मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

माझ्याच स्क्रीनचा फोटो होता तो, तिरका काढलेला. हसरं बाळ, दोन दात, आणि गालावर माझ्या माऊसचा पांढरा बाण. तिनं डोळे झाकले होते तेवढ्यात याचं उरकलं होतं.

मी दाराबाहेर तिच्याकडे बघितलं.

"तिला सांगू नका, ताई," तो हात जोडून म्हणाला. "तिच्या सपनात निदान पाय तरी येत्यात. माझ्या कदीच काय आलं न्हाई."